यात केंद्रक कुठाय?

भादव्यातले दिवस होते. भात पोटरीत आलं होतं आणि तापाचे पेशंट ओपीडीच्या बाहेर व्हरांड्यात, पायऱ्यांवर, चिंचेखाली, जागा मिळेल तिथे बसत होते. मी मोखाड्याच्या दवाखान्यात लॅबमध्ये आहे. जव्हारला राहते, सकाळच्या एसटीने येते आणि संध्याकाळी मिळेल त्या गाडीने परत जाते. त्या महिन्यात घरी पोचल्यावर चहासुद्धा कपात ओतून घ्यावासा वाटायचा नाही. डोळे मिटले की गुलाबी ठिपके दिसायचे. दिवसभर भिंगात बघणाऱ्या माणसाला ते दिसतातच.

लॅबमध्ये दोघांनी काम करायचं असतं. दुसरी जागा बरेच महिने रिकामी होती. थुंकीच्या काचा, मलेरियाच्या काचा, साखर, लघवी, सिकलसेलची तपासणी आणि रक्तातल्या पेशी मोजणारं मशीन, असं सगळं माझ्याकडे. मशीन बरं होतं. नळी तोंडाशी धरली की सुईने थेंब ओढून घ्यायचं आणि थोड्या वेळात कागद बाहेर टाकायचं. ज्या आकड्याबद्दल त्याला खात्री नसेल त्यापुढे एक फुली छापायचं. पण त्या दिवसांत फुल्या इतक्या यायच्या, की त्यांच्याकडे कुणी थांबून बघत नव्हतं.

त्या दिवशी सकाळी वांगणीच्या पुढच्या एका पाड्यावरून एक बाई आणली. विशीतली असेल. अंगावर पिणारं पोर होतं. चार दिवसांचा ताप, डोकं दुखतंय, काही खाल्लेलं नाही. बरोबर सासू. नवरा वसईकडे बांधकामावर होता. रस्ता खचलेला असल्याने त्यांनी तिला नाल्यापर्यंत चादरीच्या झोळीतून आणलं होतं आणि मग जीप मिळाली होती. वॉर्डातल्या सिस्टरने रक्त काढलं. शीर सापडेना. एका हाताला दोनदा टोचलं, मग दुसऱ्या हाताला. शेवटी सिरिंजमध्ये थोडं थोडं करून रक्त आलं. रक्त गोठू न देणारं औषध असलेली जांभळ्या बुचाची नळी माझ्याकडे आली तेव्हा सिस्टर म्हणाली, "ताई, एवढंच निघालं. आता पुन्हा मागू नका."

मशीनने कागद टाकला. हिमोग्लोबिन आठाच्या आसपास. ते आमच्याकडे नवीन नाही. पांढऱ्या पेशी थोड्या जास्त. प्लेटलेट बावीस हजार. निरोगी माणसाच्या रक्तात त्या दीड लाखाच्या वर असतात. मी कागद डॉक्टरांकडे पाठवला आणि त्याच नळीतल्या थेंबाची काच केली. मलेरियासाठी बघायचीच होती. थेंब काचेच्या एका टोकाला ठेवायचा, दुसऱ्या काचेच्या कडेने तो पुढे ओढायचा म्हणजे रक्ताचा पातळ थर होतो. सुरुवातीला जाड, मग पातळ आणि शेवटी जिभेच्या टोकासारखा संपणारा. त्याला आम्ही शेपूट म्हणतो. वाळला की रंग टाकायचा, धुवायचं, उभी करून ठेवायची.

प्लेटलेट इतक्या कमी असल्या की काचेचा फोटो काढून डॉक्टरांना पाठवायचा, असं आमच्याकडे ठरलं होतं. मी सगळ्यात मोठं दाखवणारं तेलाचं भिंग लावून मधला भाग बघितला. मलेरिया नव्हता. प्लेटलेट शोधाव्या लागत होत्या. मी मायक्रोस्कोपच्या आयपीसला मोबाईल टेकवून दोन फोटो काढले आणि डॉक्टरांना पाठवले. तिसरा एक फोटो शेपटाकडचा काढला होता, तो पाठवला नाही. तिकडे पेशी विस्कटलेल्या असतात म्हणून त्याला काही किंमत नसते.

डॉक्टर सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा मुलगा होता. सरकारी सेवेचा बॉण्ड पुरा करायला लातूरकडून आलेला. चांगला होता, पण दोन दिवस त्याने दाढी केली नव्हती आणि दोन दिवस तो एकटाच होता. फोटो बघून तो स्वतः लॅबमध्ये आला.

"ताई, खरंच नाहीयेत की हो प्लेटलेट."

"नाहीत फारशा."

"नाशिकला पाठवावं लागेल. इथं रक्तस्राव सुरू झाला तर माझ्याकडे द्यायला काहीच नाही. गाडी सांगितलीय, जव्हारला गेलीय, दुपारी येईल. पण सासू नाही म्हणते." तो स्टुलावर बसला. "मी समजावलं. ओरडलोसुद्धा. तुम्ही एकदा बोलून बघता का?"

समजावणं हे माझं काम नाही. पण जे कुणाचंच काम नसतं ते आमच्याकडे फिरत फिरत ज्याच्या दारात येईल त्याचं होतं. माझ्यासमोर अजून वीसेक नळ्या उभ्या होत्या. मी हात धुतले आणि वॉर्डात गेले.

सासू खाटेच्या पायाशी फरशीवर बसली होती. मांडीवर पोर. बाई माझ्याच वयाची असावी, पण दिसायला दहा वर्षांनी मोठी. सून भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"मावशी, डॉक्टर काय म्हणतायत ऐकलंत ना?"

"ऐकला." तिने माझ्याकडे बघितलं नाही. "माला नाय जायाचा नाशिकला."

"का पण?"

"माझा माणूस नेला नाशिकला. गाडीत घालून नेला, बोलत होता. परत आणला तो कपड्यात बांधून. गाडीवाला नाल्याशी उतरून गेला, पुढं आम्हीच उचलला." तिने पोराच्या डोक्यावरून हात फिरवला. "इथं मरेल ती घरी तरी जाईल."

मी तिच्याजवळ फरशीवर बसले. बसल्यावर कळलं की सकाळपासून मी पहिल्यांदाच बसले आहे.

"रक्तात काय कमी झालंय ते कुणी दाखवलं का तुम्हाला?"

"रगत हाय ना तिच्यात. मंग काय कमी?"

मी मोबाईल काढला. आधीचे दोन फोटो दाखवले असते, पण त्यात पेशी दाटीने होत्या, एकमेकींवर चढलेल्या. बघणाऱ्याला नुसता गुलाबी लगदा दिसला असता. शेपटाकडच्या फोटोत त्या सुट्या सुट्या होत्या. म्हणून मी बोट सरकवून तो फोटो पुढे केला.

"हे तुमच्या सुनेचं रक्त."

"ह्या?" तिने मान जवळ आणली. "असा गुलाबी?"

"एक थेंब पातळ पसरला, रंग लावला आणि खूप मोठा करून बघितला. या गोल गोल दिसतात ना, सगळीकडे? या तांबड्या पेशी. मधे फिकट, कडेला गडद. भाकरी मधे अंगठ्याने दाबल्यासारखी. यांच्यात बी नसते."

"बी?"

"पेशीच्या आत एक गडद ठिपका असतो, त्याला केंद्रक म्हणतात. आपण बी म्हणू. तांबड्या पेशीत बी नाही. आता ही बघा." फोटोच्या वरच्या कोपऱ्यात एक मोठी पेशी होती, शेजारच्या तांबड्या पेशीच्या जवळजवळ दुप्पट रुंद. आत जांभळी बी, तीन गाठींची, गाठी एकमेकींना दोऱ्यासारख्या धाग्याने जोडलेल्या. "ही पांढरी पेशी. मोठी, आणि बी असलेली. आजाराशी ही लढते."

"जांभळी हाय, आन् पांढरी म्हणतेस?"

"रंगवली म्हणून जांभळी. नाहीतर तिला रंगच नसतो."

तिला ते पटलं की नाही कोण जाणे, पण ती आता फोटोकडे बघत होती.

"आणि तिसऱ्या असतात त्या प्लेटलेट. अगदी बारीक. तांबडी पेशी उडदाचा दाणा असेल तर ही नागलीचा. यांच्यातही बी नसते. कुठे कापलं, खरचटलं, तर या जाऊन बसतात आणि रक्त थांबवतात. त्या तुमच्या सुनेच्या रक्तात फार कमी आहेत. बघा, इथे एक आहे. इथे... इथे नाही."

"आन् ह्यो?"

तिचं बोट फोटोच्या खालच्या बाजूला होतं. तिथे एक जांभळा गोळा होता.

"ती पांढरी. मोठी आहे ना," मी सवयीने म्हणाले. आणि तिला बी दाखवावं म्हणून दोन बोटांनी फोटो मोठा केला.

बी नव्हती.

मी आणखी मोठा केला. गोळा पांढऱ्या पेशीएवढा होता, किंबहुना थोडा मोठाच. पण त्याला गोल कड नव्हती. कड दातेरी, झिजलेली. आत एकसलग गडद केंद्रक कुठेच नाही, नुसते बारीक जांभळे दाणे, एकाला एक चिकटलेले. कडेचे दोन-तीन दाणे अर्धवट सुटे होते. शेजारच्या तांबड्या पेशीशी ताडून बघितलं तर त्यातला एकेक दाणा तिच्या पाव भागाएवढासुद्धा नव्हता.

या प्लेटलेटच होत्या. एका जागी जमून घट्ट बसलेल्या.

"काय झाला?" सासूने विचारलं. माझा चेहरा बदलला असावा.

"मावशी, थांबा जरा. मी आलेच."

लॅबमध्ये जाऊन तीच काच परत लावली. या वेळी तेलाच्या भिंगाऐवजी लहान भिंग लावलं, म्हणजे एका नजरेत बराच भाग दिसतो, आणि काच शेपटाकडे सरकवली. कडेकडेने गोळे होते. एक नाही, दोन नाहीत, कितीतरी. पुराचं पाणी काटक्या काठाला नेऊन टाकतं, तसे काच ओढताना ते सगळे टोकाला ढकलले गेले होते. मध्ये प्लेटलेट दिसत नव्हत्या त्या यामुळे.

मी डॉक्टरांना बोलावलं. तो ओपीडीतला पेशंट तसाच ठेवून आला आणि भिंगात वाकला.

"यात केंद्रक कुठाय?" त्याने विचारलं. मला नव्हे, स्वतःलाच.

"नाहीये, सर."

"म्हणजे या पांढऱ्या नाहीत." तो सरळ झाला. "मशीनला फक्त आकार कळतो. एवढा मोठा गोळा दिसला की ते पांढऱ्यांत धरणार. म्हणून पांढऱ्या जास्त आल्या. आणि प्लेटलेट तेवढ्या कमी." मग त्याने कागद शोधला, प्लेटलेटपुढची फुली बघितली आणि कागद परत ठेवला. "रक्त कसं काढलं होतं?"

"शीर मिळत नव्हती. हळूहळू आलं. नळीत पडेपर्यंत त्या चिकटायला लागल्या असतील."

"पुन्हा काढू या. मी काढतो."

सिस्टरने माझ्याकडे असं बघितलं की मी मान खाली घातली. डॉक्टरने पेशंटचा हात गरम पाण्याच्या फडक्याने शेकला, वाट बघितली, कोपराच्या आत बोटाने चाचपलं आणि एकाच टोचणीत शीर धरली. रक्त सरळ धारेने नळीत आलं. मी नळी तिथेच हातात घेतली, न हिंदकळवता, फेस येऊ न देता, हळूच उलटी-सुलटी करत लॅबपर्यंत गेले आणि तशीच मशीनला लावली. दुसऱ्या नळ्या वाट बघत राहिल्या.

एक लाख बेचाळीस हजार. फुली नाही. पांढऱ्याही खाली आल्या.

मी या नळीचीही काच केली, कारण आता मशीनवर माझा विश्वास नव्हता आणि चांगल्या आकड्यावरही नव्हता. शेपटाकडे गोळे नव्हते. मधल्या भागात, जिथे जिथे बघावं तिथे, तांबड्या पेशींच्या मधे नागलीचे सुटे दाणे. दीड लाखाला किंचित कमी, पण तापात एवढं चालतं. नाशिकला न्यायची गरज नव्हती.

मला वाटलं होतं ही बातमी सांगताना बरं वाटेल. मी आणि डॉक्टर दोघेही वॉर्डात गेलो. तोवर सासूने जायची तयारी केली होती. मी उठून गेल्यावर तिला वाटलं होतं, रक्तात काहीतरी फारच वाईट दिसलं म्हणून ही पळाली. तिने शेजारच्या खाटेवाल्याच्या फोनवरून मुलाला सांगितलं होतं, ये, बायकोला नाशिकला नेतात. तो कामावरून निघालाही होता. पिशवी बांधलेली होती. पोराला तिने स्वतःच्या पदरात घट्ट गुंडाळून घेतलं होतं.

"मावशी, जायची गरज नाही," डॉक्टर म्हणाला. "प्लेटलेट आहेत. आधीच्या नळीत त्या एकमेकींना चिकटल्या होत्या, म्हणून मोजल्या गेल्या नाहीत."

ती त्याच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे.

"सकाळी बोललास, नाय नेली तर मरेल. आता बोलतोस बरी हाय. खरा काय त्यातला?"

"आत्ताचं खरं."

"आन् सांजेला?"

डॉक्टरने डोळे चोळले. त्याच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. मी पुन्हा मोबाईल काढला. नव्या काचेचा फोटो दाखवला आणि जुन्याचाही. "तुम्हीच विचारलंत ना, हा कोण म्हणून? तो हा गोळा. आणि आता बघा, ते दाणे इथे मोकळे झालेत."

तिने बघितलं. एक क्षण मला वाटलं, तिला पटलं. मग ती म्हणाली, "बाय, माला काय कळता त्यातला. तू सांगतेस ती पूर्व दिशा." आणि पिशवीची गाठ सोडायला लागली. ती गाठ तिने इतकी घट्ट बांधली होती की नखांनी सुटेना, शेवटी दातांनी सोडली.

माझी उरलेली कामं त्या दिवशी उशिरा संपली. शेवटची एसटी गेली होती, मी भाजीच्या टेम्पोतून जव्हारला आले. ड्रायव्हर बोलका होता, मी नुसती हुं हुं करत होते. डॉक्टरने दवाखान्यातून मेसेज केला होता, गाडी जव्हारहून परत आली आणि आपल्याला लागली नाही म्हणून एका अडलेल्या बाळंतिणीला मिळाली. बरं वाटायला हवं होतं. वाटलंही असेल, पण ते शरीरापर्यंत पोचलं नाही.

सुनेला मलेरिया नव्हता, डेंगीही निघाला नाही. कसला ताप ते नक्की कळलं नाही. तीन-चार दिवसांत तो उतरला. दररोज सकाळी मी तिचं रक्त पुन्हा तपासत होते. प्लेटलेट वाढत गेल्या. नवरा आला, मजुरी बुडल्याची कुरकुर न करता दोन दिवस खाटेशेजारी बसला आणि परत गेला. पोर बाहेर सिस्टरांच्या हातातून हातात फिरत होतं.

पण त्या रोजच्या काचा बघताना एक गोष्ट मला दिसत राहिली, जी पहिल्या दिवशीही होती आणि आम्ही कुणी त्याबद्दल काही बोललो नव्हतो. तांबड्या पेशी. मी सासूला सांगितलं होतं, मधे फिकट, कडेला गडद. तशा त्या असतातच. पण हिच्या पेशींत मधला फिकटपणा कडेपर्यंत आला होता. भाकरी राहिलीच नव्हती, नुसतं कडं. आकारानेही लहान. लोह नाही, दुसरं काय. सिकलसेलची तपासणी केली, तो आजार निघाला नाही. या असल्या फिकट पेशी मी रोज बघते. मोखाड्यातल्या दहा बायांच्या काचा उचलल्या तर बहुतेकींच्या अशाच असतील. प्लेटलेट बावीस हजार दिसल्या तेव्हा गाडी बोलावली, नाशिकला फोन गेला, डॉक्टर धावत आला. या फिकट पेशींसाठी कुणी कधी धावत नाही. त्या हळूहळू फिकट होतात आणि बाई हळूहळू दमते, आणि दमलेल्या बाईचं आपल्याकडे कुणाला नवल वाटत नाही.

मी डॉक्टरला म्हटलं. तो म्हणाला, "हो, ताई, तेच आता बघायचं." त्याने लोहाची इंजेक्शनं लिहून दिली, पहिलं वॉर्डातच दिलं, पुढच्यासाठी यायला सांगितलं. सासूला समोर बसवून सांगितलं, या वेळी न ओरडता. ती ऐकत होती. घरी जाताना माझ्या लॅबच्या दारात आली, आत आली नाही.

"जाताव आमी."

"इंजेक्शनला आणा हं तिला."

"रस्ता झाला तर आणीन."

त्यानंतर सून इंजेक्शनला एकदाच आली. पुढच्या वेळेला नाही. पाड्यावरच्या आशा कार्यकर्तीने सांगितलं, भात कापून झालं आणि घरातले सगळे वसईकडे कामाला गेले, सूनही, पोरही. सासू एकटी शेळ्यांजवळ राहिली.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला जव्हारच्या स्टँडवर मला ती सून दिसली. मी मोखाड्याच्या गाडीची वाट बघत होते, ती गावाकडे जायला निघाली होती. पोर आता उभं राहत होतं, तिच्या साडीला धरून. तिनेच मला ओळखलं. वॉर्डात तर तिने माझ्याकडे धड बघितलंही नव्हतं.

"फोटूवाल्या ताई ना तुमी?"

"हो. बरी आहेस का?"

"बरी हाय."

मी तिच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने खाली ओढली. आतला भाग अजून फिकाच होता. ती हसली, मलाही हसू आलं. स्टँडवर चारचौघांत असं कुणी करतं का!

"गोळ्या खातेस?"

"खाते कधी कधी. खाल्ल्या का परसाकडं काळा होता सकाळी. कामावर गेल्यावर लै त्रास, तिथं जागाच नाय कुठं बसायला."

"रात्री जेवल्यावर घे. लिंबू पिळून घे भातावर, चहाबरोबर नको."

"बरा."

तिची गाडी लागली. तिने पोराला काखेत घेतलं, एका हाताने दांडी धरली आणि पायरी चढताना मधेच थांबली, दम खाल्ला, मग वर गेली. खिडकीजवळ जागा मिळाली नाही, उभीच राहिली. मी हात केला. तिने बघितला की नाही कळलं नाही, गाडी भरलेली होती.

माझी गाडी यायला अजून वेळ होता. मी बाकावर बसले.